चार दिवसांचा फ्लॅट

रविंद्र रामटेके रंगारी नव्हता, असं तो स्वतःच सांगायचा. बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत तो मशीन चालवायचा आणि रंगाची कामं 'अशीच, सुट्टीच्या दिवशी' करायचा. आता अशीच म्हणून पंधरा वर्षं दुसऱ्याच्या भिंती घासणाऱ्या माणसाला रंगारी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं, हे तोच जाणे. पण त्याच्या मनात रंगारी म्हणजे ज्याला कंपनीची बस धरावी लागत नाही असा भाग्यवान इसम. आपण अजून त्या पायरीला पोचलो नाही, एवढंच त्याला म्हणायचं असे.

बस धरायला लागायची ती कौशल्यानगरच्या कोपऱ्यावरून. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड, एक आठवडा नाईट. फर्स्ट आणि सेकंडशी त्याचं भांडण नव्हतं. नाईट मात्र त्याला खाऊन टाकत होती. तिशीत असताना नाईट करून येऊन तो आंघोळ करायचा आणि दिवसभर हिंडायचा. आता पन्नाशी दाराशी येऊन उभी होती. सकाळी घरी आला की डोळे मिटायचे, पण झोप यायची नाही. वर टिनाचं छत, बाजूला शाळेत जाणाऱ्या पोरांचा कालवा, नागपूरचं ऊन. नाईटच्या आठवड्यात चहात साखर आहे की मीठ, तेही त्याला कळत नसे. "ही नाईट मले एक दिवस उभ्या उभ्या नेन," असं तो बायकोला म्हणायचा, आणि ते तो थट्टेत म्हणत नव्हता.

अभिमान वाटावा अशी एकच गोष्ट त्याच्याजवळ होती, ती म्हणजे त्याचा अंदाज. कोणत्याही छोट्या फ्लॅटमध्ये शिरला की तो आधी गप्प बसून एक चक्कर मारायचा. कार्पेट एरिया विचारायचा, त्याला साडेतीननं गुणायचा. भिंती आणि छत मिळून रंगवायचं क्षेत्र साधारण तेवढंच भरतं. मग बोटांच्या पेरांनी भिंत वाजवत जायचा. भरीव आवाज आला तर पुढे, बद्द आवाज आला तर तिथलं प्लॅस्टर आतून सुटलंय म्हणून खडूनं गोल. जुना रंग पक्का असेल तर दोन हातांना, म्हणजे दोन थरांना, एक लिटर साठ-सत्तर फूट जाणार. भिंत नव्यानं पुट्टी केलेली असेल तर ती तहानलेल्या बैलासारखी रंग पिणार, म्हणून आधी प्रायमर. हे सगळं डोक्यातल्या डोक्यात करून तो रंगाचा आकडा सांगायचा, आणि काम संपताना डब्यात ओंजळभर रंग उरायचा. कमी कधी पडला नाही.

मजुरीचं गणित तर त्याहून सोपं होतं. स्क्वेअर फुटाला सात रुपये. वन बीएचके असेल आणि थोडी डागडुजी असेल तर चार दिवस, टू बीएचके असेल तर सहा. रविवार धरायचे, एखादी रजा टाकायची, तीन आठवड्यांत फ्लॅट मोकळा. हाही अंदाज त्याचा कधी चुकला नव्हता. "आपला हात फास्ट हाये," असं तो चारचौघांत सांगायचा.

नरेंद्रनगरच्या त्या इमारतीचं बोलावणं आलं ते याच नावलौकिकावर. तेरा फ्लॅट, सगळे वन बीएचके, आणि सोसायटीचे सेक्रेटरी गिरिधर घाटे. घाटे सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे निवृत्त झाल्यानंतरही कोणाला तरी कामाला लावल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. मागच्या वर्षी रविंद्रनं त्यांच्या राहत्या घराचं, म्हणजे त्यातल्याच एका फ्लॅटचं, काम केलं होतं. ते त्यांना आवडलं होतं.

"आमच्या वरच्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट आहे, तो दसऱ्याच्या आत करून द्या," घाटे म्हणाले. "तो सगळ्यांना दाखवू. पसंत पडला तर उरलेले अकरा तुम्हालाच. पण मग रविवारी-रविवारी नाही चालणार, रविंद्र. सलग करावं लागेल. तीन महिने लोक घरातलं सामान हलवत बसणार नाहीत."

"सलग करतो ना साहेब," रविंद्र म्हणाला. "चार दिवसांत एक. तुमाले तीन महिने कायले पाह्यजे? दीड महिन्यात बिल्डिंग मोकळी."

बोलता बोलता त्यानं मनात हिशेब मांडला. अकरा हजार एका फ्लॅटची मजुरी, चार दिवसांची. म्हणजे दिवसाला पावणेतीन हजार. गिरणीत तेवढ्यासाठी चार दिवस मशीनपुढे उभं राहावं लागायचं. एक इमारत झाली की शेजारची बोलावणार, शेजारची झाली की पलीकडची. नरेंद्रनगर, मनीषनगर, बेसा, सगळीकडे असल्याच छोट्या फ्लॅटांच्या इमारती. म्हणजे नाईट सुटली! घरी येताना त्यानं चौकातून पावभर जिलेबी घेतली. असं त्यानं बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरला सांगूनही टाकलं की दसऱ्यानंतर माझं काही खरं नाही, दुसरा माणूस पाहून ठेवा.

प्रेमिलानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, जिलेबी खाल्ली आणि सगळं ऐकून घेतलं. ती फार बोलणारी नव्हतीच. मुलगा प्रशिक पुण्याला कामाला लागल्यापासून तर घरात टीव्हीच जास्त बोलायचा.

"चार दिवसांत एक?" तिनं एवढंच विचारलं.

"अन् काय. आतापर्यंत काय करून राहिलो मंग आपण?"

त्याच शनिवारी कुहीहून, प्रेमिलाच्या माहेरून, फोन आला. तिची आई सत्यवतीबाई अंगणात घसरून पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. दवाखान्यातून घरी आणलेलं, पण उठवायला-बसवायला माणूस हवं. भाऊ-भावजय धानाच्या शेतात. प्रेमिलानं पिशवी भरली. निघताना म्हणाली, "दसऱ्यापर्यंत काही माहं येणं होत नाही. भिंतीकडं पाहाजा."

"भिंतीकडं पाह्यले मी आहो ना," रविंद्र म्हणाला, आणि तिला बसमध्ये बसवून आला.

पहिला रविवार त्याचा झकास गेला. लकडगंजातून सामान घेऊन ठेवलेलंच होतं. भिंतींसाठी फिक्या बदामी रंगाची दहा लिटरची एक बादली आणि चारचे दोन डबे, छतासाठी पांढऱ्याची बादली, पुट्टीची गोणी, प्रायमर, पॉलिश पेपर, ब्रश, रोलर. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीला ओल होती. प्लंबरकडून गळका पाइप आधीच बदलून घेतला होता. आता भिंतीचं सुटलेलं प्लॅस्टर त्यानं छिन्नीनं विटेपर्यंत काढलं, विटा ओल्या केल्या, सिमेंट-वाळूचा नवा गिलावा भरला. बाकीच्या भिंतींचे पोपडे पत्र्यानं खरवडले, भेगा उकरून ठेवल्या. संध्याकाळी घाट्यांकडे किल्ली दिली आणि खांदा चोळत घरी आला. एक दिवस झाला, तीन राहिले.

आठवडा सेकंड शिफ्टचा होता. बुधवारी प्रेमिलाचा फोन आला. आईची तब्येत सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "गिलाव्याले पाणी मारून राहिले ना?"

"हो, हो," तो म्हणाला. तो तेव्हा बसच्या रांगेत होता आणि मागून कोणीतरी ढकलत होतं. सिमेंटच्या गिलाव्याला आठवडाभर पाणी लागतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण ते पाणी मारायला कोणाला तरी तिथं जावं लागतं, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं पाणी मारलं जायचं, एवढंच त्याला माहीत होतं.

दुसऱ्या रविवारी तो सकाळीच फ्लॅटवर पोचला, दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबला. खोलीत सगळीकडे खरवडलेल्या पोपड्यांचा कचरा तसाच पडला होता. भेगा उकरलेल्या होत्या तशाच आ वासून होत्या. न्हाणीलगतचा नवा गिलावा पांढुरका पडला होता आणि त्यावर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं पसरलं होतं. त्यानं नखानं खरवडलं तर वाळू सुटून हातात आली. गिलावा वाया गेला होता.

त्याला पहिल्यांदा राग आला. कोणावर, ते मात्र कळेना. रविवारी आल्यावर समोर काय असायला हवं, ते त्याच्या डोळ्यांपुढं अगदी स्पष्ट होतं. झाडलेली फरशी. भरून वाळलेल्या भेगा. पुट्टीचा एक हात मारून, वाळवून, पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केलेल्या भिंती, हात फिरवला की पीठ लागावं अशा. त्यानं यावं, पुट्टीचा दुसरा हात द्यावा आणि पुढच्या वेळी येऊन प्रायमर मारावा. असंच असायचं. दर वेळी असंच असायचं.

कचरा भरायला त्याला तास गेला. गिलावा परत फोडला, परत भरला. भेगा भरता भरता दुपार झाली. डबा आणला नव्हता, कारण डबा नेहमी दुपारी यायचा. खालच्या टपरीवर तर्री-पोहे खाल्ले आणि वर येऊन पुट्टी कालवली. संध्याकाळपर्यंत एका खोलीला जेमतेम एक हात झाला. भिंतीच्या कडा, स्विचबोर्डाच्या भोवती, खिडकीच्या चौकटीखाली, जिथं मोठी पट्टी जात नाही तिथं बोटभर पट्टीनं बसून काम करावं लागतं. तिथं तो अडखळत होता. या जागा त्यानं फार दिवसांत हाताळल्याच नव्हत्या.

किल्ली द्यायला गेला तेव्हा दार चारुशीलाबाईंनी उघडलं. घाट्यांची मिसेस. बाई बोलकी आणि मनानं चांगली, पण प्रश्न विचारताना पुढच्याला बसायला सांगणारी नव्हे.

"काय हो, या वेळी तुमच्या मिसेस दिसल्या नाहीत? मला वाटलं किल्ली न्यायला रोज येतील."

"माहेरी गेली. आई पडली तिची."

"अगबाई. मग अवघडच आहे तुम्हाला. मागच्या वर्षी आमच्याकडे तर रोज सकाळी दहाला हजर असायच्या. चार वाजेपर्यंत घासत बसायच्या, नाकाला पदर बांधून. मी म्हटलं, अहो, चहा तरी घ्या. तर म्हणे, हात खराब आहेत. तुम्ही यायचात ते रविवारी."

"हो," रविंद्र म्हणाला. त्यानं किल्ली दिली आणि जिना उतरला.

सायकल स्टँडवरून काढताना त्याच्या डोक्यात गणित सुरू झालं. त्याची इच्छा नव्हती, पण गणिताची सवय वाईट असते, एकदा सुरू झालं की बंद होत नाही. चार दिवस म्हणजे त्याचे चार दिवस. मधले सगळे दिवस कोणाचे? सुरुवातीला एकदा ती त्याचा डबा घेऊन आली होती आणि तो जेवत असताना रिकामी कशाला बसू म्हणून तिनं पॉलिश पेपर उचलला होता. मग तो म्हणाला, उद्या जरा घासून ठेवशीन काय. मग जरा पाणी मारून ये. जरा भेगा भरून घे, जरा पुट्टी ओढून पाहा. पुढं पुढं सांगायचीही गरज उरली नाही. घासायला येणं-जाणं धरून तिचे एका फ्लॅटला दहा दिवस तरी व्हायचे. एक फ्लॅट म्हणजे चौदा दिवसांचं काम, आणि तो छाती पुढं काढून चार सांगत आला होता. कार्पेट एरियाला साडेतीननं गुणणाऱ्या या शहाण्याला घरातली दोन माणसं मोजता आली नव्हती.

त्याला लाज वाटली. अगदी खरी लाज वाटली, चौकात सिग्नलला उभा असताना कान गरम झाले. आणि लाजेच्या मागोमाग, खोटं कशाला बोला, भीती वाटली. कारण हाताचा वेग जर खोटा असेल तर दिवसाचे पावणेतीन हजारही खोटे. दीड महिन्यात बिल्डिंगही खोटी. आणि नाईट मात्र खरी.

दसऱ्याच्या आत फ्लॅट द्यायचा शब्द होता. तो त्यानं पाळला, पण कसा पाळला हे त्याचं त्यालाच ठाऊक. पुढचा आठवडा नेमका नाईटचा. सकाळी बसमधून उतरायचा, घरी न जाता तसाच नरेंद्रनगरला. गिलाव्याला पाणी, पुट्टी, घासणं. तोंडाला रुमाल, डोळ्यांत पुट्टीची धूळ, पापण्यांवर पांढरी साय. एकदा खिडकीखाली बसून घासत असताना हात थांबला आणि कपाळ भिंतीला टेकलं, ते खालच्या मुलांच्या आरडाओरड्यानं उचललं गेलं. दुपारी दोन घटका चटईवर पडायचं, संध्याकाळी परत बस. त्यात तीन बिनपगारी खाडे केले. प्रायमर मारला, छत केलं, बदामी रंगाचा पहिला हात, वाळल्यावर दुसरा. न्हाणीलगतचा तुकडा ओलसर वाटत होता म्हणून तो सगळ्यांत शेवटी ठेवला आणि घाट्यांना सरळ सांगितलं की एवढा भाग दिवाळीनंतर पूर्ण वाळल्यावर करून देईन, आत्ता रंग मारला तर फुगेल. रंग बरोबर पुरला, डब्यात ओंजळभर उरला. तो अंदाज काही चुकला नाही.

दसऱ्याला तो दीक्षाभूमीवर जाऊन आला, गर्दीत तासभर उभा राहिला आणि घरी येऊन पडला तो दुसऱ्या दिवशी उठला.

घाटे फ्लॅट पाहून खूश झाले. भिंतीवरून हात फिरवला, खिडकीच्या चौकटीपाशी वाकून पाहिलं. "तिथली कड थोडी राहिली," म्हणाले. "पण छान. सगळ्यांना पसंत आहे. मग कधीपासून?"

इथं रविंद्रनं आपल्या परीनं धाडस केलं. म्हणाला, "साहेब, चार दिवसांत नाही होत. एका फ्लॅटले सात दिवस लागन, ते बी दोन माणसं लावून. अन् सातचा रेट परवडत नाही. दहा द्या."

"दहा? अहो, आत्तापर्यंत सात घेत होतात ना?"

"आतापर्यंत एका माणसाची मजुरी घेऊन राहिलो होतो. काम दोघांचं होतं."

घाट्यांनी चष्मा काढला, पुसला. हेडक्लार्कच्या जातीला घासाघीस केल्याशिवाय अन्न पचत नाही. दहाचे साडेसात म्हणाले, मग पावणेआठ, शेवटी आठवर थांबले. "आठ. संक्रांतीच्या आत सगळे अकरा. दोन माणसं असतील तर माझी हरकत नाही. फक्त अनोळखी माणूस घरात नको, बायामाणसं असतात. तुमच्या मिसेस असतील तर उत्तमच. सगळ्यांना माहीत आहेत त्या."

रविंद्रनं मनात हिशेब केला. परका रंगारी ठेवला तर त्याची रोजी देऊन हातात गिरणीपेक्षा थोडंसंच जास्त उरत होतं. शिवाय पीएफ जात होता, दवाखान्याचं कार्ड जात होतं, पावसाळ्यात घरी बसावं लागणार ते वेगळं. त्यात राम नव्हता. पण दोन्ही मजुऱ्या घरात आल्या तर घर नीट चालत होतं. नाईट सुटत होती. "ठीक हाये साहेब," तो म्हणाला. "आमी दोघं करतो."

कुहीच्या बसमध्ये खिडकीशी बसून तो मनातल्या मनात बोलणं जुळवत होता. त्याला फार बरं वाटत होतं. आपण चूक ओळखली, ती सुधारली आणि तीही घाट्यांसारख्या माणसापुढं उभं राहून. प्रेमिलाला काय वाटेल, तिचा चेहरा कसा होईल, ते तो पाहत होता. बाहेर धान पिवळं पडायला लागलं होतं.

सत्यवतीबाई आतल्या खाटेवर झोपल्या होत्या. प्रेमिला पडवीत बसून शेंगा निवडत होती. तिचा चेहरा त्याला वेगळाच दिसला. भरलेला दिसला म्हणावा तर तसं नाही. डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. ते काळं होतं, हेही त्याला ते गेल्यावरच कळलं.

तिनं पाणी दिलं, चहा दिला. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. गिलावा कसा वाया गेला ते सांगितलं, चारुशीलाबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. "मले समजलंच नव्हतं वं," म्हणाला. "मी आपले चार दिवस मोजत होतो. तुहे दिवस कधी मोजलेच नाही. चुकलं माहं."

प्रेमिलाचे हात थांबले. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "मले वाटे, तुमी मनातल्या मनात मोजत असान," ती म्हणाली. "बोलून नसान दाखवत."

"नाही ना. पण आता मोजले. घाटेसाहेबाले तोंडावर सांगितलं, काम दोन माणसांचं हाये, दोघांची मजुरी द्या. आठवर आणला बुढ्याले. अकरा फ्लॅट, संक्रांतीपर्यंत. माही नाईट सुटली समज!"

"दोन माणसं कोण?"

"कोण म्हणजे? तू अन् मी."

ती पुन्हा शेंगा निवडायला लागली. आत सत्यवतीबाई खोकल्या आणि पुन्हा शांत झाल्या.

"घाटेसाहेबाले विचारलं," प्रेमिला म्हणाली. "मले विचारलं काय?"

"आता तुले काय विचारायचं त्यात? तू करूनच राहिली ना इतके वर्षं?"

"करत होतो. म्हणून काय करतच राहू?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुमची नाईट सुटन. माहं काय सुटन? सकाळी पाणी भरायचं, स्वयंपाक करायचा, मंग फ्लॅटवर. तुमी रविवारी रंग मारून येता अन् आडवे होता. मी त्याच हातानं कणिक भिजवतो. धुळीनं रात्रभर खोकतो, तुमाले नाईटच्या पायी ऐकू बी येत नाही. इथं मायचं हाड मोडलं हाये, तिचं सगळं करतो, तरी दुपारी मले झोप लागते. किती वर्षांनी दुपारी झोपलो मी, माहीत हाये?"

त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटलं काहीतरी बोलावं, दोन मजुऱ्यांचं, पीएफचं, पुढच्या इमारतींचं. आपल्या नाईटचंही. पण त्याची नाईट तिला सांगायची गरज नव्हती. पंधरा वर्षं ती तेच ऐकत आली होती.

"मंग घाट्याले नाही म्हणून सांगू काय?"

"थे मले नका विचारू. जे विचारायचं थे विचारा."

त्याला उमजायला थोडा वेळ लागला. मग तो नीट बसला. इतक्या वर्षांच्या बायकोला असं विचारताना जीभ जड झाली, लग्नाच्या वेळीसुद्धा झाली नव्हती एवढी.

"प्रेमिला," तो म्हणाला, "येशीन काय माह्यासंगं कामाले? सात दिवसांले एक फ्लॅट. तुही मजुरी तुह्या हातात."

तिनं खरोखर विचार केला, हे त्याला दिसलं. तिनं त्याच्या डोळ्यांकडं पाहिलं, ते लाल होते. त्याच्या खांद्याकडं पाहिलं. तिला त्याची दया आली, तेही त्याला दिसलं.

"नाही," ती म्हणाली.

पुढं 'पण' येईल म्हणून तो थांबला. 'पण' आलं नाही. तिनं सूप उचललं आणि आईला औषध द्यायला आत गेली. आतून दोघी मायलेकींचं हळू आवाजातलं बोलणं येत राहिलं.

रविंद्रनं फोन काढला. घाट्यांनी पहिल्या रिंगलाच उचलला.

"साहेब, अकराचं जमणार नाही. मी एकटाच हाये. एखादा फ्लॅट असन तर सवडीनं करून देईन."

"अहो, कालच तर म्हणालात आम्ही दोघं करतो!"

"काल मी तिले विचारलं नव्हतं," रविंद्र म्हणाला.

घाटे बराच वेळ बोलत होते, शब्दाची किंमत वगैरे. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग सुपरवायझरला फोन लावला आणि दुसरा माणूस पाहू नका म्हणून सांगितलं. सोमवारपासून परत नाईट होती.